परदेशात भरलेला कर आणि आयकर खात्याची ‘पुरावा द्या’ ही नोटीस

परदेशात नोकरी करून भारतात परतलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी एक हिशेब कळत नाही. तिकडे पगारातून कर कापला गेला, इथे तो पगार पुन्हा विवरणपत्रात दाखवायचा. मग कर दोनदा भरायचा का? दोनदा भरायचा नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. किती सवलत मिळते, कोणत्या वर्षी मिळते आणि ती सिद्ध कशी करायची, हे मात्र नोटीस आल्यावर कळतं. या लेखात मुख्यतः अमेरिकेतल्या पगाराचा विचार केला आहे, कारण पुण्या-मुंबईतून बरेच लोक याच वाटेने जातात-येतात. इतर देशांना आणि इतर उत्पन्नाला यातलं किती लागू पडतं, ते ओघात येईलच.

कायद्याची चौकट सरळ आहे. आयकर अधिनियम 1961 च्या कलम 90 खाली भारताने ज्या देशाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला आहे, तिथे भरलेल्या कराची वजावट इथल्या करातून मिळते. करार नसेल तर कलम 91 आहे. पण सवलत कशी मोजायची आणि पुरावा कोणता, याबद्दल बरीच वर्षं काहीच ठरलेलं नव्हतं. ज्याचा त्याचा सीए, ज्याचा त्याचा अधिकारी असा कारभार चालायचा. 2016 मध्ये अधिसूचना निघाली आणि 1 एप्रिल 2017 पासून नियम 128 आणि फॉर्म 67 लागू झाले. आजचा सगळा व्यवहार या नियमावर चालतो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम 2025 लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र सध्या ज्या वर्षांच्या नोटिसा येत आहेत ती वर्षं जुन्या कायद्याखालची आहेत, म्हणून इथे जुनेच क्रमांक वापरतो.

नियम 128 चं सार असं: परदेशातलं उत्पन्न ज्या वर्षी भारतात करपात्र म्हणून दाखवलं, त्याच वर्षी त्यावरच्या परकीय कराची सवलत मिळते. प्रत्येक देश आणि प्रत्येक प्रकारचं उत्पन्न यांचा हिशेब वेगळा. त्या उत्पन्नावर भारतात लागणारा कर आणि परदेशात भरलेला कर यांतली जी रक्कम कमी, तेवढीच सवलत. करारापेक्षा जास्त कर तिकडे दिला असेल तर तो जादा भाग मोजत नाहीत. ही सवलत कर, अधिभार आणि उपकर यांतून वजा होते. व्याज, विलंब शुल्क आणि दंड यांतून होत नाही. उरलेली सवलत पुढच्या वर्षी ओढता येत नाही, ती बुडते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. माणूस काल्पनिक आहे, हिशेब खरा आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीतली अभियंता, तिला मृणाल म्हणू, 2 जानेवारी 2025 ला टेक्सासला गेली आणि 30 जूनला परतली. या सहा महिन्यांचा पगार तिथल्या कंपनीने दिला, दरमहा 10,000 डॉलर, एकूण 60,000. त्याआधीचे नऊ महिने पुण्यात दरमहा दोन लाख रुपये पगार होता. 2024-25 या आर्थिक वर्षात ती 182 दिवसांहून अधिक भारतात होती, त्यामुळे निवासी. 2025-26 मध्येही तसंच. निवासी म्हणजे जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र.

अमेरिकेला तिच्या पगारावर कर लावण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण अधिकारीही तो विचारू शकतो. भारत-अमेरिका कराराच्या सोळाव्या अनुच्छेदात 183 दिवसांची सूट आहे. मृणाल तिथे 180 दिवसच होती. पण त्या सुटीसाठी दिवसांबरोबरच पगार देणारी कंपनी अमेरिकेतली नसावी, अशीही अट आहे. तिचा पगार अमेरिकन कंपनीने दिला, म्हणून सूट नाही आणि तिथला कर रास्त. हाच पगार पुण्याच्या कंपनीने दिला असता आणि त्याचा बोजा अमेरिकेतल्या कार्यालयावर पडला नसता, तर तिथे कर लागायलाच नको होता. अशा वेळी तो कर भरला, तर ‘करारापेक्षा जास्त’ या कारणाने इथे सवलत नाकारली जाते आणि पैसे अमेरिकेच्या खात्याकडूनच परत मागावे लागतात. म्हणून पगार नेमका कोणी दिला हे दाखवणारं नियुक्तीपत्र पुराव्याच्या गठ्ठ्यात वर ठेवावं.

आता रक्कम. अमेरिकेतला पगार विभाग दर महिन्याचा कर कापताना असं धरतो की हा पगार वर्षभर मिळणार. 10,000 गुणिले बारा, म्हणजे 1,20,000 डॉलरचा वार्षिक कर काढून त्याचा बारावा भाग कापतो. 2025 च्या दरांनी अनिवासी अविवाहित व्यक्तीसाठी हा कर 21,647 डॉलर येतो, म्हणजे महिन्याला सुमारे 1,804. सहा महिन्यांत कापले गेले 10,824 डॉलर. प्रत्यक्षात तिचं त्या वर्षाचं अमेरिकेतलं उत्पन्न 60,000 च. त्यावरचा खरा कर 10, 12 आणि 22 टक्क्यांच्या टप्प्यांनी 8,114 डॉलर होतो. उरलेले 2,710 डॉलर ती तिथलं विवरणपत्र भरते तेव्हा परत मिळतात.

या विषयातली सर्वात महागडी चूक इथेच होते. वर्षअखेर कंपनी जो डब्ल्यू-2 देते, आपल्या फॉर्म 16 चा तो अमेरिकन भाऊ, त्याच्या दुसऱ्या चौकटीत कापलेला संघीय कर असतो: 10,824. बहुतेक जण तोच आकडा उचलून फॉर्म 67 मध्ये घालतात. पण तो कापलेला कर आहे, अखेर लागलेला नव्हे. परतावा मिळणार असलेल्या रकमेवर सवलत मागणं म्हणजे तेच पैसे दोन सरकारांकडून घेणं. अधिकाऱ्याने ‘परदेशातलं विवरणपत्र सादर करा’ असं म्हटलं की हा फरक पहिल्या पानावरच दिसतो.

डब्ल्यू-2 वर आणखी दोन आकडे असतात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. दोन्ही मिळून पगाराच्या 7.65 टक्के, म्हणजे मृणालचे 4,590 डॉलर. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने ही कपात टळत नाही. पण तो आयकर नाही, करारातल्या करांच्या व्याख्येतून तो स्पष्टपणे वगळला आहे, म्हणून त्याची सवलत मिळत नाही. पैसे गेले ते गेले.

दुसरी अडचण वर्षाची. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. मृणालचा डब्ल्यू-2 एकच आहे, भारतात वर्षं मात्र दोन. जानेवारी ते मार्चचे 30,000 डॉलर 2024-25 मध्ये दाखवायचे, एप्रिल ते जूनचे 30,000 पुढच्या वर्षात. पगार दरमहा सारखा असल्याने 8,114 चे दोन समान भाग पडतात, प्रत्येकी 4,057. पगार कमी-जास्त असेल तर प्रत्येक महिन्याची पे-स्लिप घेऊन त्या प्रमाणात वाटणी करावी लागते.

डॉलरचे रुपये कोणत्या दराने? स्टेट बँकेचा टेलिग्राफिक ट्रान्सफर खरेदी दर, आणि तोही कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. जानेवारीच्या कपातीला 31 डिसेंबरचा, फेब्रुवारीच्या कपातीला 31 जानेवारीचा. पगाराच्या उत्पन्नालाही आधीच्या महिनाअखेरचाच दर लागतो, त्यामुळे पगारदाराला एकच तक्ता पुरतो. गूगलवरचा दर किंवा पैसे खात्यात आले त्या दिवसाचा दर चालत नाही. स्टेट बँकेच्या दरपत्रकाची प्रत त्या त्या महिन्यातच उतरवून ठेवावी, नंतर शोधताना जीव मेटाकुटीला येतो. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्या महिन्यांना 85 रुपये धरतो.

तर 2024-25 चं चित्र असं. पुण्यातला पगार 18,00,000, अमेरिकेतला 25,50,000, एकूण 43,50,000. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर 42,75,000. त्या वर्षीच्या टप्प्यांनी कर 9,72,500, चार टक्के उपकर मिळवून 10,11,400. म्हणजे सरासरी दर 23.66 टक्के. अमेरिकेतल्या उत्पन्नावर भारतातला कर झाला सुमारे 6,03,291. तिकडचा खरा कर 4,057 गुणिले 85, म्हणजे 3,44,845. दोन्हींत कमी 3,44,845, तेवढी सवलत. उरलेले 2,58,446 रुपये भारतात भरायचेच. या पगारावर इथे कोणी कर कापलेला नसतो, त्यामुळे 15 मार्चच्या आत आगाऊ कर भरला नाही तर त्यावर व्याज चढतं.

कापलेला कर धरला असता, तर तीन महिन्यांचे 5,412 डॉलर म्हणजे 4,60,020 रुपये झाले असते. सोशल सिक्युरिटीही मिसळली असती तर 6,55,095, म्हणजे भारतीय मर्यादेच्याही वर, आणि सवलत 6,03,291 वर जाऊन अडकली असती. एकाच माणसाच्या एकाच पगारावर तीन वेगवेगळे दावे, आणि त्यांतला एकच बरोबर. पोर्टल तिन्ही निमूटपणे स्वीकारतं, हे ध्यानात घ्या. तिथे चूक अडत नाही, ती पुढे अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडी पडते.

सरासरी दराची ही पद्धत कलम 91 मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे आणि कराराच्या देशांसाठीही व्यवहारात तीच वापरतात. कोणी ‘माझं परदेशी उत्पन्न सर्वात वरच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहे’ असं म्हणून मर्यादा वाढवायला जातो, त्याने वादाची तयारी ठेवूनच जावं.

राज्याचा कर हा वेगळा विषय. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या पगारावर राज्याचा आयकर नाही, म्हणून मृणाल सुटली. कॅलिफोर्निया किंवा न्यू यॉर्कमध्ये तो बराच असतो. भारत-अमेरिका करारात फक्त संघीय कर येतो, त्यामुळे कलम 90 खाली राज्याचा कर बसत नाही. पण कलम 91 मध्ये आयकराच्या अर्थात त्या देशाच्या एखाद्या भागाच्या सरकारने लावलेला करही येतो. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने टाटा सन्सच्या प्रकरणात आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने विप्रोच्या 2015 मधल्या प्रकरणात राज्यकराची सवलत मान्य केली. तरीही अधिकारी ती बऱ्याचदा पहिल्या फटक्यात कापतो. म्हणून फॉर्ममध्ये राज्यकराची ओळ संघीय करापासून वेगळी ठेवावी, म्हणजे वाद तेवढ्याच रकमेपुरता राहतो.

शेअरवरचा लाभांश हे ज्यांचं परदेशी उत्पन्न, त्यांची गोष्ट सोपी असते, पण तिथेही एक खड्डा आहे. कराराप्रमाणे व्यक्तीला मिळणाऱ्या लाभांशावर अमेरिका 25 टक्क्यांपर्यंत कर घेऊ शकते. दलालाकडे डब्ल्यू-8बेन हा फॉर्म दिला नाही तर तो 30 टक्के कापतो. वरचे पाच टक्के इथे मोजत नाहीत. त्यासाठी आयकर खात्याशी भांडून उपयोग नाही, दलालाचा फॉर्म वेळेत भरणं एवढाच उपाय.

आता कागदपत्रं भरण्याचा क्रम. परदेशी उत्पन्न असलं की आयटीआर-1 चालत नाही. पगारदाराने आयटीआर-2 भरायचा आणि त्यात शेड्यूल एफएसआयमध्ये देशागणिक उत्पन्न, शेड्यूल टीआरमध्ये सवलत दाखवायची. फॉर्म 67 पोर्टलवर e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms इथे सापडतो. तो विवरणपत्राच्या आधी भरावा, म्हणजे बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात आकडे जुळवताना तो समोर असतो. दोन्हीकडचे आकडे रुपयापर्यंत एकच हवेत.

मुदतीबद्दल इतका गोंधळ झाला की त्यावर न्यायालयांची रांग लागली. मूळ नियमात फॉर्म 67 विवरणपत्राच्या मूळ मुदतीतच भरायचा होता. एक दिवस उशीर झाला तरी केंद्र संपूर्ण सवलत शून्य करायचं. बंगळुरू न्यायाधिकरणाने हा उशीर सवलत घालवण्याइतका गंभीर नाही असा निवाडा दिला. अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांच्या प्रकरणात 2022 मध्ये मुंबई न्यायाधिकरणानेही तेच म्हटलं. विशाखापट्टणमच्या खंडपीठाने मात्र त्याच वर्षी करदात्याच्या विरोधात निकाल दिला. केनियात कमावलेल्या पगाराच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं की फॉर्म भरण्याची तारीख ही कार्यपद्धतीची बाब आहे, ती चुकली म्हणून हक्क जात नाही. दरम्यान 18 ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेने नियमच बदलला. आता विवरणपत्र मुदतीत किंवा विलंबित मुदतीत भरलेलं असेल, तर फॉर्म 67 आकारणी वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे 31 मार्चपर्यंत चालतो. मृणालसाठी 2024-25 या वर्षाची ही तारीख 31 मार्च 2026. निकाल करदात्याच्या बाजूचे असले तरी ते मिळवायला अपिलात दोन-तीन वर्षं जातात. मुदत पाळणं त्यापेक्षा स्वस्त.

आता मृणालची कोंडी पाहा. तिचं भारतातलं विवरणपत्र सप्टेंबर 2025 मध्ये गेलं. डब्ल्यू-2 हातात आला जानेवारी 2026 मध्ये. अमेरिकेतलं 1040-एनआर हे विवरणपत्र भरायची मुदत 15 एप्रिल 2026. म्हणजे भारतात सवलत मागताना परदेशातला अंतिम कर कागदावर आलेलाच नसतो. तरीही तिला सप्टेंबरमध्ये बरोबर आकडा काढता येतो. जूनअखेर ती परतली, अमेरिकेतली वर्षाची कमाई संपली, दर जाहीर आहेत. 8,114 हा आकडा जुलैतच मांडता येतो. तेव्हा फॉर्म 67 मध्ये कापलेल्या करावरून मोजलेली नव्हे, तर या अंदाजित अंतिम करावरून मोजलेली रक्कम घालावी आणि जोडीला पे-स्लिपा लावाव्यात. जो अजून तिथेच नोकरी करतो आहे त्याला हे इतकं नेमकं जमत नाही, पण त्यानेही वर्षभराचा अंदाज काढून सावध आकडा घ्यावा.

पुराव्याबद्दल नियम काय म्हणतो? उत्पन्नाचा प्रकार आणि कराची रक्कम सांगणारं प्रमाणपत्र किंवा निवेदन तीनपैकी कोणाचंही चालतं: परदेशातल्या करखात्याचं, कर कापणाऱ्याचं, किंवा करदात्याने स्वतः सही केलेलं. स्वतःचं निवेदन द्यायचं असेल तर त्याबरोबर कर भरल्याची ऑनलाइन पावती, बँकेचं चलन किंवा कर कापल्याचा पुरावा हवा. बस. नोटरी, अपोस्टिल किंवा वकिलातीचा शिक्का यांची अट नियमात नाही. जर्मनीचं वार्षिक पगारपत्रक जर्मन भाषेत येतं, ते असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं, इतकाच काय तो व्यवहार.

नोटीस सहसा दोन वळणांवर येते. पहिलं, कलम 143(1) ची सूचना: फॉर्म 67 सापडला नाही किंवा आकडे जुळले नाहीत म्हणून सवलत कापली, एवढे पैसे भरा. फॉर्म वेळेत भरलेला असेल तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. तिथे काम झालं नाही तर आयकर आयुक्तांकडे अपील. दुसरं वळण छाननीचं. कलम 143(2) ची नोटीस, विवरणपत्र भरलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत यावी लागते. मृणालच्या पहिल्या वर्षासाठी 30 जून 2026. त्यामागून कलम 142(1) खाली प्रश्नावली येते: परदेशी उत्पन्नाचा तपशील, कर भरल्याचा पुरावा, सवलतीचा हिशेब. आकारणी आता चेहराविरहित आहे. समोर अधिकारी दिसत नाही, त्याला भेटता येत नाही, सगळं Pending Actions > e-Proceedings या पानावर. नोटिशीवर दस्तऐवज क्रमांक म्हणजे डीआयएन असतो, तो पोर्टलवर तपासून मगच पुढे जावं, कारण खोट्या नोटिसांचे मेलही फिरत असतात. दिलेली मुदत कमी वाटली तर त्याच पानावर वाढवून मागता येते. उत्तरच न देणं सर्वात वाईट: दहा हजारांचा दंड बसू शकतो आणि अधिकारी आपल्या समजुतीने आकारणी करून मोकळा होतो.

चेहरा नसलेल्या अधिकाऱ्याला उत्तर देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्याला अमेरिकेची करपद्धत माहीत असेलच असं नाही आणि विचारायला आपण समोर नाही. म्हणून चाळीस पानं स्कॅन करून टाकली की उत्तर झालं, असं होत नाही. त्याने फाइल उघडल्यावर त्याला आकडा कुठून आला हे दोन पानांत कळलं पाहिजे. मृणालचं उत्तर मी असं बांधीन. पहिल्या पानावर चार वाक्यं: मी या वर्षी निवासी आहे, जानेवारी ते मार्च 2025 या काळात अमुक कंपनीने 30,000 डॉलर पगार दिला, तो विवरणपत्राच्या एफएसआय शेड्यूलमध्ये दाखवला आहे, त्यावर 4,057 डॉलर संघीय आयकर लागला. दुसऱ्या पानावर महिनावार तक्ता: पगार, कपात, दर, रुपये. खाली डब्ल्यू-2 मधल्या 10,824 पासून 4,057 पर्यंत कसं आलो ते: 10,824 कापले, 2,710 परत मिळाले, 8,114 अंतिम कर, त्यातला निम्मा या वर्षाचा. हा ताळमेळ आपणहून दाखवला की अधिकाऱ्याच्या मनातला मोठा संशय तिथेच संपतो. मग जोडपत्रं: नियुक्तीपत्र, पासपोर्टवरचे प्रवासाचे शिक्के, पे-स्लिपा, डब्ल्यू-2, 1040-एनआर, स्टेट बँकेची दरपत्रकं आणि फॉर्म 67 ची पावती.

या गठ्ठ्यातला सर्वात वजनदार कागद मात्र आणखी वेगळाच आहे: अमेरिकेच्या अंतर्गत महसूल सेवेचा खाते-उतारा, त्यांच्या भाषेत अकाउंट ट्रान्सक्रिप्ट. डब्ल्यू-2 कंपनीचा, 1040-एनआर करदात्याचा, पण उतारा खुद्द करखात्याचा. त्यावर व्यवहाराचे संकेतांक असतात. 150 समोर विवरणपत्रात ठरलेला कर, 806 समोर पगारातून कापलेला कर, 846 समोर परत केलेली रक्कम. मृणालच्या उताऱ्यावर या तीन ओळींत 8,114, 10,824 आणि 2,710 दिसतील. एवढ्या एका पानाने ‘कर खरोखर भरला का आणि परत घेतला का’ हे दोन्ही प्रश्न निकालात निघतात. ऑनलाइन खातं उघडायला परदेशातून ओळख पटवताना अडचण येते, तेव्हा 4506-टी या अर्जाने उतारा मागवता येतो. त्याला वेळ लागतो. म्हणून अमेरिकेचं विवरणपत्र प्रक्रिया होऊन गेलं की नोटिशीची वाट न पाहता तो मागवून ठेवावा.

काही प्रश्नावल्यांत परदेशाचं कर-निवासी प्रमाणपत्र मागितलेलं असतं. इथे गडबड होते. कलम 90(4) ची ही अट भारतात करार वापरू पाहणाऱ्या अनिवासी माणसासाठी आहे. मृणाल भारताची निवासी आहे आणि भारतातच सवलत मागते आहे, तिला अमेरिकेचं निवासी प्रमाणपत्र मिळणारही नाही. उत्तरात हे नम्रपणे आणि कलमाचा उल्लेख करून लिहावं. ‘उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलं तर पुरावा दिला नाही अशी नोंद होते.

चुकून जास्त सवलत घेतली गेली असेल तर? ठरलेल्या मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येतं. ती मुदत गेली तर अद्ययावत विवरणपत्र, आयटीआर-यू, आहे. आकारणी वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर 25 टक्के जादा द्यावे लागतात, उशीर होईल तसा हा दर 70 टक्क्यांपर्यंत चढतो. पण छाननी सुरू झाल्यावर हा दरवाजा बंद होतो आणि मग कमी उत्पन्न किंवा चुकीची माहिती दाखवल्याच्या दंडाची चर्चा सुरू होते, जो कमी दाखवलेल्या कराच्या 50 ते 200 टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकेचा परतावा बँकेत जमा झाला त्या आठवड्यातच फॉर्म 67 पुन्हा काढून बघावा, तो एवढ्यासाठी.

तिथलं बँक खातं हाही याच प्रकरणाचा एक पदर आहे. शेड्यूल एफएमध्ये परदेशी मालमत्ता आर्थिक वर्षाची नव्हे, कॅलेंडर वर्षाची दाखवायची असते. मृणालचं खातं जानेवारी 2025 मध्ये उघडलं, म्हणून ते 2024-25 च्या विवरणपत्रात येत नाही, पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येतं. पगार आधी आणि खातं नंतर, हे अधिकाऱ्याला विचित्र वाटू शकतं. उत्तरात एक वाक्य घालून ठेवलं की पुढचा प्रश्न येत नाही.

माझ्या मते नियम 128 एकंदरीत करदात्याला सोयीचा आहे. स्वतःची सही केलेलं निवेदन पुरावा म्हणून स्वीकारणारा नियम आपल्या करव्यवस्थेत विरळा. त्याचं दुखणं तारखेत आहे. वाद असलेल्या परकीय करासाठी नियमाने अंतिम निकालानंतर सहा महिन्यांची सवड दिली आहे. ज्यांचं करवर्ष आपल्यापेक्षा वेगळं आहे अशा देशांतला कर नुसता ठरायचा बाकी असेल, तर मात्र तशी सवड नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तीच तरतूद इथेही वाढवावी: परदेशातलं विवरणपत्र दाखल झाल्यापासून काही महिन्यांत फॉर्म 67 दुरुस्त करता यावा. तोवर वाचकांनी अमेरिकेचं विवरणपत्र 15 एप्रिलची वाट न पाहता फेब्रुवारीतच भरावं, म्हणजे 31 मार्चच्या आत खरा आकडा हातात असेल.